नऊ शाखा, एक शून्याची रेघ: नफा-तोट्याचा दुरंगी आलेख एक्सेलमध्ये कसा करायचा

पुण्यातल्या एका फरसाण-मिठाईवाल्या कुटुंबाचे हिशेब मी बघते. दरवर्षी ताळेबंद झाला की शाखांचा नफा-तोटा एका कागदावर मांडून द्यायचा, ही धाकट्या मालकांची फर्माईश. पहिल्या वर्षी मी हौसेने आलेख केला आणि तोट्याचे आकडे आमच्या सवयीप्रमाणे कंसात टाकले. त्या कुटुंबातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळ धरला. "खराडीपुढे हे अकरा पूर्णांक नऊ कंसात कशाला टाकलंय गं? यायचे आहेत का अजून?" हिशेब लिहिणाऱ्याला कंस म्हणजे वजा. गल्ल्यावर चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला कंस म्हणजे नंतर बघू.

तेव्हापासून हा आलेख मी ज्या पद्धतीने करते, ती इथे लिहिते आहे. शून्याची एक उभी रेघ, तिच्या उजवीकडे नफ्याच्या आडव्या पट्ट्या, डावीकडे तोट्याच्या, रंग दोनच. दिसायला सोपा आहे, पण एक्सेल आपणहून जे काढून देतं ते जवळजवळ प्रत्येक पायरीवर दुरुस्त करावं लागतं. आकडे आणि काही जागा मी बदलल्या आहेत. पट्ट्यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

आर्थिक वर्ष 2024-25, रक्कम लाख रुपयांत: सदाशिव पेठ 18.4, कोथरूड 14.2, चिंचवड 9.6, औंध 6.1, हडपसर 2.3, सिंहगड रोड 0.4, कात्रज उणे 1.8, वाकड उणे 5.7, खराडी उणे 11.9. नफ्यातल्या सहा शाखांची बेरीज 51.0, तोट्यातल्या तिघींची 19.4, आणि हातात उरले 31.6 लाख.

आधी चिन्ह तपासा, मग आलेख

या कामातली सगळ्यात महागडी चूक आलेखात होत नाही, त्याच्या आधी होते. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये आणलेल्या शीटमध्ये खराडीपुढे `11,90,000.00 Dr` असं दिसत होतं. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं तर नुसतं `1190000`. म्हणजे Dr आणि Cr ही अक्षरं आकड्यात नव्हतीच, ती फक्त सेलच्या फॉरमॅटमध्ये रंगवलेली होती. एक्सेलच्या दृष्टीने नऊच्या नऊ आकडे अधिक. आलेख काढला तर खराडी तिसऱ्या नंबरची कमावती शाखा म्हणून झळकली. मला ते लगेच दिसलं, कारण खराडीचं रडगाणं मला तोंडपाठ होतं. परक्या माणसाला दिसलं नसतं.

सेलच्या फॉरमॅटमधलं अक्षर साध्या फॉर्म्युल्याला वाचता येत नाही. त्यावर एक गावठी पण खात्रीचा उपाय आहे. तो रकाना कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे डोळ्यांना दिसतं तेच उतरतं, Dr सकट. एक्सेलमध्ये एक रिकामा रकाना निवडून त्याचं फॉरमॅट Text करा आणि नोटपॅडमधला मजकूर तिथे चिकटवा. समजा तो G रकान्यात आला, तर B2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(RIGHT(G2,2)="Dr",-1,1)*VALUE(SUBSTITUTE(LEFT(G2,LEN(G2)-3),",",""))
```

नफा-तोटा खात्याची नावे बाकी म्हणजे तोटा, म्हणून Dr ला उणे एक. तुमच्या शीटमध्ये अक्षरं उलटी येत असतील तर एक आणि उणे एकची अदलाबदल करा. नऊच शाखा असतील आणि वेळ कमी असेल तर सरळ हाताने उणे टाका, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरा सापळा पीडीएफमधून कॉपी केलेल्या आकड्यांचा. तिथलं उण्याचं चिन्ह कधीकधी कीबोर्डवरचं `-` नसतं, छपाईतलं लांब `−` असतं. ते एक्सेलला कळत नाही, मग अख्खा आकडा मजकूर ठरतो आणि त्या शाखेची पट्टीच उगवत नाही. ओळखायची खूण अशी: आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. खात्रीसाठी `=COUNT(B2:B10)` लिहा. उत्तर 9 आलं पाहिजे. 8 आलं तर एक शाखा मुकी आहे.

आणि शेवटची परीक्षा म्हणजे बेरीज. शाखांची बेरीज एकत्रित नफा-तोटा पत्रकातल्या आकड्याशी जुळेपर्यंत मी आलेखाला हात लावत नाही. चिन्ह उलटलं असेल तर फरक त्या शाखेच्या रकमेच्या बरोबर दुप्पट येतो. एकट्या खराडीचं चिन्ह उलटलं असतं तर फरक 23.8 लाखांचा आला असता. त्याच्या निम्मे केले की गुन्हेगार सापडतो.

रुपये नकोत, लाख हवेत

पट्टीपुढे `11,90,000` लिहावं असं कुणालाही वाटेल. पण लाख-कोटीचे स्वल्पविराम आणण्यासाठी जो फॉर्म्युलासारखा दिसणारा फॉरमॅट सगळीकडे फिरतो, तो उण्या आकड्यांवर फसतो:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यात पहिली अट कोटीच्या वरच्यांसाठी, दुसरी लाखाच्या वरच्यांसाठी. उणे अकरा लाख नव्वद हजार यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही, कारण तो शून्याहूनही लहान. तो तिसऱ्या भागात घसरतो आणि `-1,190,000` असा इंग्रजी पद्धतीने छापला जातो. नफा लाखात, तोटा मिलियनच्या थाटात, तेही एकाच कागदावर. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडला तर साध्या फॉरमॅटलाही लाखाचे स्वल्पविराम येतात, पण फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की त्याचं सेटिंग लागू होतं. म्हणून मी सरळ एक लाखाने भागते. एक दशांश पुरतो. दहा हजारांच्या आतला फरक या कागदावर कुणाला बघायचा नसतो.

दोन मदतनीस रकाने

A मध्ये शाखा, B मध्ये रुपये, C मध्ये लाख. त्यापुढे D ला "नफा" आणि E ला "तोटा" अशी शीर्षकं द्या आणि दुसऱ्या ओळीत हे लिहून दहाव्या ओळीपर्यंत ओढा:

```
C2:  =ROUND(B2/100000,1)
D2:  =MAX(C2,0)
E2:  =MIN(C2,0)
```

नफ्यातल्या शाखेला E मध्ये शून्य येतं, तोट्यातल्या शाखेला D मध्ये. हे दोन रकाने म्हणजे आलेखाच्या दोन मालिका, आणि प्रत्येकीला तिचा स्वतःचा रंग, स्वतःचं लेबल. B मध्ये वरचा Dr चा फॉर्म्युला असेल तर आधी तो रकाना कॉपी करून त्याच जागी Paste Values करा, नाहीतर क्रम लावताना आकडे शाखांसोबत हलत नाहीत. आता पूर्ण तक्ता निवडून Data मधल्या Sort ने C रकान्यावर मोठ्याकडून लहानाकडे लावून घ्या. शाखा ज्या क्रमाने उघडल्या त्या क्रमाने ठेवण्याचा मोह मालकांना होतो. तसं केलं तर पट्ट्या मोडक्या कंगव्यासारख्या दिसतात आणि कोण कुठे उभं आहे ते कळत नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, एक्सेलमध्ये Invert if negative आहे की. आहे, Fill च्या खाली. पण त्यावर टिक केली की उण्या पट्टीला एक्सेल बहुतेक वेळा पांढरा रंग देतं आणि तोट्याच्या शाखा कागदावरून गायब होतात. शेजारच्या दुसऱ्या रंगाच्या डबीत जाऊन तो बदलावा लागतो. शिवाय मालिका एकच असल्यामुळे लेबलांचा ठसा, जाडी, रंग सगळ्यांना एकसारखेच लागतात. इथे आपल्याला तोट्याची लेबलं वेगळी हवी आहेत, म्हणून दोन रकाने.

आलेख काढताना

A1:A10 निवडा, Ctrl दाबून धरून D1:E10 निवडा. Insert मध्ये जाऊन बार चार्टमधला Clustered Bar घ्या. Stacked Bar घेतला तर पट्ट्या एका ओळीत आपोआप येतात, म्हणून बहुतेक जण तो घेतात. पण स्टॅक्डमध्ये लेबल पट्टीच्या टोकाबाहेर ठेवायची सोयच नसते. लेबल पट्टीच्या आत कोंबावं लागतं, आणि सिंहगड रोडच्या 0.4 लाखांच्या पट्टीत ते मावणार कसं? म्हणून क्लस्टर्डच घ्यायचा.

त्यात आधी पट्ट्या अर्ध्या जाडीच्या आणि वर-खाली सरकलेल्या दिसतील, कारण एक्सेल प्रत्येक शाखेपुढे दोन मालिकांसाठी जागा राखून ठेवतं. कुठल्याही पट्टीवर राइट क्लिक, Format Data Series, आणि Series Overlap 100% करा. Gap Width 50% च्या आसपास ठेवा. आता प्रत्येक शाखेला एकच भरीव पट्टी.

सदाशिव पेठ सगळ्यात खाली गेलेली दिसेल. आडव्या पट्ट्यांच्या आलेखात एक्सेल पहिली ओळ तळाला ठेवतं. शाखांच्या नावांवर क्लिक करून Format Axis मध्ये Categories in reverse order वर टिक करा.

त्याच पॅनेलमध्ये खाली Labels उघडा आणि Label Position ला Low निवडा. तोट्याचा आलेख वाचनीय होतो की नाही, ते या एका सेटिंगवर ठरतं. एक्सेल मुळात शाखांची नावं शून्याच्या रेघेला चिकटवून ठेवतं. नफ्याच्या शाखांना ते शोभतं, पण वाकड आणि खराडीची नावं त्यांच्याच पट्ट्यांखाली गाडली जातात. Low केलं की सगळी नावं डाव्या कडेला एका रांगेत येतात आणि शून्याची रेघ जागेवर राहते. ती रेघ Line मध्ये जाऊन गडद राखाडी, 1 पॉइंटची करा. मागच्या उभ्या फिकट रेघा मात्र काढून टाका, नाहीतर ही त्यांच्यात हरवते.

आता खालच्या, म्हणजे आकड्यांच्या अक्षाकडे या. नावांचा क्रम उलटा केल्यामुळे तो वर गेलेला असेल. आपण प्रत्येक पट्टीपुढे आकडा लिहिणार आहोत, त्यामुळे या अक्षाचे आकडे दाखवायची गरज नाही. पण लपवण्याआधी त्याची हद्द ठरवा: Minimum ला -20, Maximum ला 25. एक्सेलवर सोडलं तर डावी हद्द उणे पंधरालाच थांबते, आणि "तोटा 11.9" हे लेबल "खराडी" या नावावर जाऊन आदळतं. हद्द ठरली की याही अक्षाची Label Position None करा आणि रेघ No line. Delete दाबण्यापेक्षा हे बरं, पुढच्या वर्षी हद्द बदलायची झाली की अक्ष हाताशी राहतो.

इथे Vertical axis crosses नावाचं एक खोडकर सेटिंग आहे. ते Automatic वरच राहू द्या. कुणी तिथे Axis value म्हणून -20 टाकलं तर सगळ्या पट्ट्या उणे वीसपासून उजवीकडे निघतात. खराडीसुद्धा उजवीकडे, फक्त जराशी आखूड. मी हे एका बँकेसाठी केलेल्या अहवालात पाहिलंय, आणि अहवाल करणाऱ्याचं म्हणणं होतं की असं "जरा सुबक" दिसतं.

तोट्याचं लेबल

नफ्याच्या पट्टीवर क्लिक करून Add Data Labels, मग तोट्याच्या पट्टीवर तेच. दोन्हींना Label Position म्हणून Outside End. नफ्याचं लेबल पट्टीच्या उजव्या टोकाबाहेर जाईल, तोट्याचं डाव्या टोकाबाहेर.

लगेच एक कटकट दिसेल. शून्याच्या रेघेवर जागोजागी `0` उभे राहतात, कारण प्रत्येक शाखेच्या दुसऱ्या मालिकेत शून्य आहे. एकेक निवडून पुसू नका. पुढच्या वर्षी एखादी शाखा नफ्यातून तोट्यात गेली तर तिचं पुसलेलं लेबल परत येणार नाही आणि तुम्हाला आठवणारही नाही. त्याऐवजी लेबलांच्या पॅनेलमध्ये Number उघडून Format Code मध्ये नफ्याच्या मालिकेला पहिला आणि तोट्याच्या मालिकेला दुसरा कोड लिहा, आणि Add दाबा:

```
0.0;;;
;"तोटा "0.0;;
```

अर्धविरामांनी चार खण पडतात: अधिक, उणे, शून्य, मजकूर. जो खण रिकामा, ते छापलं जात नाही. दुसऱ्या कोडमध्ये उण्याच्या खणात मी उण्याचं चिन्हच दिलेलं नाही, त्याऐवजी शब्द दिलाय. खराडीपुढे "तोटा 11.9" असं येतं.

यावर आमच्या सीए मंडळींचा आक्षेप ठरलेला: चिन्ह का काढलं? त्याचं कारण डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. नऊ पॉइंटच्या टायपात `-11.9` मधली आडवी रेघ जेमतेम मिलिमीटरभर असते, आणि ती नेमकी पट्टीच्या टोकाशेजारी येते. कागदाची झेरॉक्स निघाली, तिची आणखी एक निघाली, की ती रेघ टोनरच्या ठिपक्यांत मिसळते. शब्द मिसळत नाही. बरं, "तोटा −11.9" असं दोन्ही लिहिलं तर तोटा उणे, म्हणजे नफा, असा वाद घालणारा एक तरी पुणेकर बैठकीत निघतोच. वाचणारे सगळे हिशेबातले असतील तर शब्द सोडा आणि `;"−"0.0;;` वापरा, त्यातलं लांब उणे चिन्ह निदान दिसतं. कंस मात्र काकांच्या प्रश्नानंतर मी आलेखातून कायमचे काढले.

तोट्याची लेबलं ठळक करा, नफ्याची साधी ठेवा. मराठी अक्षरांसाठी विंडोजमधला Nirmala UI चालतो.

रंग

हिरवा-लाल हा पहिला विचार, आणि तो टाळावा असं माझं मत. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष सगळीकडे असतात. शिवाय दोन्ही रंग मध्यम गडद घेतले तर झेरॉक्समध्ये एकाच राखाडीचे होतात. मी नफ्याला फिकट निळा `#56B4E9` आणि तोट्याला शेंदरी `#D55E00` देते. रंगांचा असा संच रंगांधळेपणा ध्यानात ठेवूनच तयार केलेला आहे. शेंदरी निळ्यापेक्षा गडद असल्यामुळे काळ्या-पांढऱ्या प्रतीतही तोटाच आधी नजरेत भरतो. Hex ची चौकट तुमच्या एक्सेलमध्ये नसेल तर आरजीबी आकडे टाका: निळ्याला 86, 180, 233 आणि शेंदरीला 213, 94, 0. लेबलांतला मजकूर मात्र फिकट निळ्यात लिहू नका, पांढऱ्यावर तो वाचवत नाही. नफ्याचे आकडे काळे, तोट्याचे शेंदरी.

छटा बदलत नेण्याचा मोह आवरा. जास्त तोटा म्हणजे जास्त गडद, असं केलं की वाकड आणि कात्रज दोन वेगळ्या प्रकारच्या शाखा वाटू लागतात. किती ते पट्टीची लांबी सांगतेच.

रंगांची सूची, म्हणजे Legend, काढून टाका. "तोटा" हा शब्द लेबलात आहेच. मथळ्यात नुसतं "शाखानिहाय नफा-तोटा" लिहून जागा वाया घालवू नका. मी लिहिलं होतं: "9 पैकी 3 शाखा तोट्यात, 19.4 लाखांच्या तोट्यातले 11.9 एकट्या खराडीचे". त्याखाली बारीक टायपात: "आर्थिक वर्ष 2024-25, रक्कम लाख रुपयांत".

रेघेजवळच्या शाखा

आलेख झाला, आणि बैठकीत खराडीवर फारसं कुणी बोललंच नाही. ती सगळ्यांना माहीत होती. भांडण झालं कात्रजवरून. कात्रज सांभाळणारा पुतण्या म्हणाला, "काका, माझं दुकान तोट्यात नाहीये, तुमचं स्वयंपाकघर माझ्या माथी मारलंय."

त्याचं खरं होतं. मध्यवर्ती स्वयंपाकघर आणि मुख्य कार्यालयाचा खर्च आम्ही शाखांच्या विक्रीच्या प्रमाणात वाटतो. कात्रजच्या वाट्याला 3.1 लाख आले होते. ते वगळले तर शाखा उणे 1.8 वरून अधिक 1.3 वर येते, म्हणजे शेंदरी पट्टी निळी होते. खराडीच्या वाट्याचे सगळे काढले तरी ती डावीकडेच राहते. दोन रंगांच्या आलेखाची ही खरी मर्यादा आहे: शून्याच्या जवळ रंग बदलायला एखादा लाखसुद्धा पुरतो, आणि रंग मात्र ओरडून सांगतो की या चांगल्या, त्या वाईट. त्या दिवसापासून मथळ्याखालच्या ओळीत मी "सामाईक खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटून" एवढं जोडते. वाद मोठा असेल तर सामाईक खर्च वाटण्यापूर्वीचा दुसरा आलेख त्याच हद्दीत, उणे वीस ते पंचवीस, शेजारी छापते. हद्दी वेगळ्या ठेवल्या तर दोन्हींतल्या पट्ट्यांची तुलना खोटी पडते.

उलट टोकाला सिंहगड रोड. तिची 0.4 ची पट्टी छापल्यावर जेमतेम एक मिलिमीटर भरते. ती दिसावी म्हणून अक्ष मध्येच तोडू नका. एवढीशी दिसणं हीच तिची बातमी आहे, आणि आकडा बाहेर लिहिलेला आहेच. एखादी शाखा बरोब्बर शून्यावर आली, किंवा पाच हजारांच्या आत असल्यामुळे गोल होऊन शून्य झाली, तर आपल्या कोडमुळे तिच्यापुढे काहीच छापलं जाणार नाही. तिथे मजकुराची चौकट टाकून हाताने "0.0" लिहा.

पुढच्या वर्षी याच फाइलमध्ये नवे आकडे भरले की रंग आणि लेबलं आपोआप बाजू बदलतील. क्रम बदलणार नाही, Sort पुन्हा करावं लागेल. हद्दही बदलणार नाही. एखाद्या शाखेचा तोटा 22 लाखांवर गेला तर तिची पट्टी उणे वीसला मुकाट्याने कापली जाईल, एक्सेल काही सांगणार नाही. म्हणून आलेखाशेजारच्या एका सेलमध्ये मी हे ठेवलंय:

```
=IF(OR(MIN(C2:C10)<-16,MAX(C2:C10)>23),"हद्द वाढवा","ठीक")
```

उणे वीसऐवजी उणे सोळा, कारण डावीकडे "तोटा" लिहायला चार लाखांएवढी जागा लागते.